किंमत वर, ओआय खाली, म्हणून शॉर्ट केला आणि तोंडावर पडलो

घाटावरचा_मन्या

मंडळी, जरा डोकं लावा. एक मिडकॅप शेअर आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर सगळा धागा त्या शेअरवरच जाईल. लॉट ७०० चा. एक्स्पायरी मंगळवारी होती. आदल्या शुक्रवारी चालू महिन्याचं फ्युचर ८४२ ला बंद झालं, सोमवारी ८६१ ला. आणि ओपन इंटरेस्ट, म्हणजे ओआय, १७,८०० लॉटवरून थेट १३,८०० वर. एका दिवसात चार हजार लॉट गायब.

माझ्या मॉनिटरला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, तुमच्यापैकी निम्म्यांच्या असेल. किंमत वर आणि ओआय वर म्हणजे नवे लाँग. किंमत वर आणि ओआय खाली म्हणजे शॉर्टवाले पळतायत. किंमत खाली, ओआय वर म्हणजे नवे शॉर्ट. दोन्ही खाली म्हणजे जुने लाँगवाले कंटाळून निघाले.

चिठ्ठीप्रमाणे हे सरळ शॉर्ट कव्हरिंग. नवीन पैसा नाही, तेजी पोकळ, इंधन संपलं की खाली. मंगळवारी सकाळी पुढच्या महिन्याचं एक लॉट ८६६ ला विकलं, ८८९ चा स्टॉपलॉस लावला. बुधवारी दुपारी स्टॉपलॉस उडाला. २३ गुणिले ७००, सोळा हजार शंभर रुपये गेले. पैशाचं दुःख आहेच, पण चिठ्ठी चुकली की मी?

तेजीमंदी_पाटील

तूच चुकलास राव. एक्स्पायरीच्या आदल्या दिवशी चालू महिन्याचा ओआय कोण बघतं? पुढच्या महिन्यात बघ, तिथे वाढलेला असणार. ओआय वाढला म्हणजे घेणारे वाढले, विकणारे कमी पडले, म्हणून भाव वर. इतकं सोपं आहे. ओआय वाढताना दिसला की डोळे झाकून घ्यायचं.

निवांत_नाशिककर

कॉल साइडला ९०० च्या स्ट्राइकला किती ओआय होता? आणि पीसीआर? ते बघितल्याशिवाय शॉर्ट करायलाच नको होता. मोठे लोक कॉल रायटिंग करून बसले असतील तर वरचा दरवाजा बंद असतो.

घाटावरचा_मन्या

@नाशिककर, अहो मी फ्युचरबद्दल विचारतोय, ऑप्शन चेनबद्दल नाही.

निवांत_नाशिककर

ओआय तो ओआयच ना?

फोर्टकर_काका

नाही. ऑप्शनच्या ओआयमध्ये घेणारा आणि विकणारा यांची जोखीम सारखी नसते, म्हणून तिथे 'रायटर काय करतोय' हा प्रश्न निघतो. फ्युचरमध्ये दोन्ही बाजू एकाच वजनाच्या. ते वेगळ्या धाग्यात बोलू, नाहीतर इथे खिचडी होईल.

मन्या, तिन्ही महिन्यांचे आकडे टाक. शुक्रवार आणि सोमवार. आणि कॅशमधला भाव पण.

घाटावरचा_मन्या

काका, हे घ्या. सगळे लॉटमध्ये.

चालू महिना: १७,८०० वरून १३,८००
पुढचा महिना: ८,३०० वरून १३,३००
त्यानंतरचा: ५०० वरून ६००

कॅशमध्ये शुक्रवारी ८४१, सोमवारी ८६०. पुढच्या महिन्याचं फ्युचर शुक्रवारी ८४५.५०, सोमवारी ८६७.५०.

फोर्टकर_काका

आता बेरीज कर. शुक्रवारी २६,६००, सोमवारी २७,७००. म्हणजे ओआय कमी झालाच नाही, १,१०० लॉटने वाढला. टक्क्यांत चारच्या थोडा वर. तुझ्या चिठ्ठीतल्या दुसर्‍या ओळीचा दिवस नव्हताच तो, पहिल्या ओळीचा होता. चिठ्ठी बरोबर होती, तू तिला चुकीचा आकडा खायला घातलास. चालू महिन्यातून चार हजार लॉट गेले ते घाबरून पळाले नाहीत, बहुतेक शेजारच्या खोलीत सामान हलवलं. एक्स्पायरीच्या आठवड्यात चालू महिन्याचा ओआय रोज घटतो, भाव वर असो की खाली. स्टॉक फ्युचर्सना २०१९ पासून प्रत्यक्ष डिलिव्हरी आहे. ज्याला ७०० शेअर घरी आणायचे नाहीत तो शेवटच्या दिवसापर्यंत थांबत नाही. तेव्हा त्या आठवड्यात एकट्या चालू महिन्यावरून चिठ्ठीतले चार कप्पे लावलेस, तर कव्हरिंग आणि अनवाइंडिंग हे दोनच शब्द तुला दिसत राहतील.

पाटीलसाहेब, पुढचा महिना बघायला सांगितलंत ते बरोबर. पण 'घेणारे वाढले, विकणारे कमी पडले' हे सपशेल चूक. आम्ही जुने लोक ओआयला उभे सौदे म्हणायचो. एका सौद्याला दोन टोकं असतात. समजा मी एक लॉट नव्याने घेतला आणि तुम्ही नव्याने विकला. उभा सौदा एक. उद्या तुम्हाला सुटायचंय, तुम्ही परत घेतलंत आणि तुम्हाला विकणारा मन्या नवा आला. सौदा झाला, व्हॉल्यूम वाढला, पण उभा सौदा एकच. तुमच्या खुर्चीवर मन्या बसला इतकंच. परवा मी विकून मोकळा झालो आणि माझ्याकडून घेणारा मन्याच निघाला, तोही मोकळा. उभा सौदा शून्य. म्हणजे ओआय वाढायचा तर दोन्ही बाजूंना नवीन माणूस लागतो, आणि घटायचा तर दोन्ही बाजूंचा जुना माणूस सुटावा लागतो. ओआय १,१०० ने वाढला याचा अर्थ १,१०० लाँग वाढले आणि बरोब्बर १,१०० शॉर्टही वाढले. एकही इकडे जास्त नाही.

तेजीमंदी_पाटील

मग भाव वर का गेला? दोघं सारखे असतील तर भाव जागेवर राहायला हवा.

फोर्टकर_काका

घाई कुणाला होती त्यावर भाव ठरतो. संख्या सारखी असते, घाई सारखी नसते. घेणारा म्हणतो 'विकणार्‍याचा भाव असेल तो दे, पण आत्ता दे', तेव्हा भाव वर सरकतो. ओआय सांगतो खुर्च्या वाढल्या की कमी झाल्या, भाव सांगतो कोण ढकलाढकली करत होतं. म्हणून दोन्ही एकत्र वाचायचे.

आता चार कप्पे या नजरेने परत वाचा. 'नवे लाँग' म्हणतो त्या दिवशी नवे शॉर्टही आले, पण घाई लाँगवाल्याला होती. 'शॉर्ट कव्हरिंग'च्या दिवशी घाई जुन्या शॉर्टवाल्याला होती, आणि त्याला सुटका कुणी दिली? जुन्या लाँगवाल्याने, जो नफा घेऊन निवांत घरी गेला. हे लोक विसरतात. कव्हरिंगच्या दिवशी भाव वर गेला तरी तेजीवाल्यांची गर्दीसुद्धा पातळ होत असते. खालचे दोन कप्पे याचेच आरसे.

मोडनिंब_एक्सप्रेस

काका, 'नवीन पैसा' म्हणतात तो नेमका किती? परवा टीव्हीवर कुणीतरी ओआयला भावाने गुणून 'इतक्या कोटींची नवी खरेदी' म्हणत होता.

फोर्टकर_काका

मन्याचाच हिशोब घ्या. ८६१ गुणिले ७०० म्हणजे एक लॉट साधारण सहा लाखांचा. १,१०० लॉटचे झाले ६६ कोटी. टीव्हीवाला हाच आकडा सांगेल. पण ६६ कोटी कुणी कुणाला दिले नाहीत. मार्जिन वीस टक्के धरलं तर लॉटमागे सुमारे एक लाख वीस हजार, तेही दोन्ही बाजूंनी. म्हणजे २६ कोटींच्या आसपास मार्जिन नव्याने अडकलं, त्यातलं निम्मं शॉर्टवाल्यांचं. 'नवीन पैसा आला' याचा फ्युचरमध्ये इतकाच अर्थ: दोन्ही बाजूंना नव्याने जोखीम घ्यायला माणसं तयार झाली. हा पैसा शेअरमध्ये जात नाही, क्लिअरिंगकडे तारण म्हणून पडून राहतो.

आणखी एक. १,१०० हा निव्वळ आकडा आहे. तीन हजार नवे उभे राहिले असतील आणि एकोणीसशे जुने सुटले असतील, तरी बेरीज तीच. तसंच पुढच्या महिन्यातल्या पाच हजारांपैकी चार हजार सरकलेले आणि हजार नवे असं म्हणायला सोपं वाटतं, पण त्याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

दुपारचा_चहा

काकांच्या हिशोबात माझे दोन पैसे. मी काही वर्षं एका आर्बिट्राज डेस्कच्या बॅक ऑफिसला होते. आमचं काम एकच: कॅशमध्ये शेअर घ्यायचा, तेवढंच फ्युचर विकायचं, मधला फरक खिशात. शेअर पडेल असं डेस्कवर कुणालाच वाटत नसायचं, वाढेल असंही नाही. पण उभ्या सौद्यांत आमची नोंद शॉर्ट म्हणूनच. तेव्हा 'शॉर्टवाले' म्हणजे मंदीवाले असं धरून चालू नका.

मन्यादादा, तुमच्या आकड्यात एक गोष्ट कुणी बोललं नाही. शुक्रवारी पुढच्या महिन्याचं फ्युचर कॅशपेक्षा साडेचार रुपयांनी वर होतं, सोमवारी साडेसात. ८६० रुपयांवर महिनाभराचं व्याज साधारण पाच रुपये होतं. म्हणजे शुक्रवारी फ्युचर व्याजाच्या आतबाहेर होतं, सोमवारी त्याहून महाग झालं. फ्युचर महाग होतंय आणि ओआयही वाढतोय, म्हणजे घेणारा घाईत आहे आणि आमच्यासारखे लोक शांतपणे त्याला फ्युचर विकून कॅशमध्ये शेअर उचलतायत. तो शॉर्ट कधीही घाबरून कव्हर करणार नाही, कारण त्याच्या हातात शेअर आहे. तुम्ही जो 'पळणारा शॉर्टवाला' बघत होतात तो तिथे नव्हताच बहुधा.

उलट भाव पडतोय, ओआय वाढतोय आणि फ्युचर कॅशच्याही खाली गेलंय, तर विकणारा खरंच घाईत आहे. तेव्हा आधी डिव्हिडंड जवळ आहे का ते बघा. मोठा डिव्हिडंड असेल तर फ्युचर तेवढं खाली दिसतंच, त्यात मंदी काही नाही.

फोर्टकर_काका

ताई, अगदी हेच. २००१ च्या जुलैत बदला बंद झाला, त्याआधी शनिवारी बदल्याचं सत्र व्हायचं. सीधा बदला निघाला तर सौदा पुढे न्यायला तेजीवाला व्याज मोजायचा. शॉर्टवाले जास्त आणि द्यायला शेअर नाहीत असं झालं की उंधा बदला निघायचा, आणि मग तेजीवाला पैसे द्यायच्या ऐवजी घ्यायचा. आम्ही ओआय वगैरे न बघता उंध्यावरून ओळखायचो की मंदीवाले अडकलेत. हल्लीच्या पोरांना प्रीमियम-डिस्काउंट दिसतो, तो त्याचाच नातू. पण बघतो कोण!

लातूर_मोंढा

आमचंही ऐका. माझा शेअर-बिअरशी संबंध नाही, आडत आहे. सोयाबीनचे वायदे चालू होते तेव्हा मी रोज ओआय बघायचो. २०२१ च्या डिसेंबरात ओआय रोज खाली यायला लागला. मला वाटलं मोठे लोक निघाले, आता भाव बसणार. मी माल धरून ठेवायच्या ऐवजी अर्धा सोडला. माझं वाचन चुकलं का?

फोर्टकर_काका

२० डिसेंबर २०२१ पासून सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू अशा सात जिनसांचे वायदे थांबवले. चालू करारांत नवीन सौदा करायला मनाई, फक्त असलेला सौदा काढायची परवानगी. जिथे नवीन माणूस आतच येऊ शकत नाही तिथे ओआय घटणार किंवा जागेवर राहणार, वाढू शकतच नाही. तो आकडा बाजाराचा नव्हता, आदेशाचा होता. अर्धा माल सोडायला दुसरी कारणं असतील तर ठाऊक नाही, पण ओआयवरून सोडला असाल तर त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

लातूर_मोंढा

म्हणजे मोंढ्यात माझी गंमत झाली. त्या वेळी कोणी सांगितलं नाही.

मोडनिंब_एक्सप्रेस

शेअरमध्ये पण असंच होतं ना? एखादा शेअर बॅनमध्ये गेला की?

दुपारचा_चहा

हो. एकूण पोझिशन मर्यादेच्या ९५ टक्क्यांवर गेली की शेअर बॅनमध्ये, आणि ८० च्या खाली आल्याशिवाय बाहेर येत नाही. तोवर पोझिशन कमी करायचीच मुभा. त्या दिवसांत भाव वर असेल तर सगळे 'शॉर्ट कव्हरिंग' ओरडतात, खाली असेल तर 'लाँग अनवाइंडिंग'. निम्मं काम नियमानेच केलेलं असतं. मी तर बॅनमधल्या शेअरला चार कप्पे लावतच नाही.

शून्य_ते_नऊ

मी प्रोग्रामर आहे, ट्रेडर कमी. तिन्ही महिन्यांची बेरीज हाताने करू नका. एनएसईची रोजची एफ अँड ओ भावकॉपी उतरवा आणि हे चालवा:

```python
import pandas as pd
d = pd.read_csv("fo_bhavcopy.csv")
f = d[d.FinInstrmTp == "STF"].copy()
f["lots"] = f.OpnIntrst / f.NewBrdLotQty
print(f.groupby("TckrSymb").lots.sum())
```

दोन दिवसांच्या फाइल चालवून वजाबाकी करा, झालं. लॉटने भागायचं कारण सांगतो. भावकॉपीत ओआय शेअरच्या संख्येत असतो. २०२४ च्या ऑक्टोबरात रिलायन्सने एकास एक बोनस दिला. २८ तारखेला भाव निम्मा झाला आणि फ्युचरचा लॉट २५० वरून ५०० झाला. माझ्या तेव्हाच्या स्क्रिप्टने शेअरच्या संख्येवर चार कप्पे लावले आणि भाव पन्नास टक्के खाली, ओआय दुप्पट असं बघून मोठ्या लाल अक्षरात 'शॉर्ट बिल्डअप' छापलं. वर तो आठवडा एक्स्पायरीचा. हसून हसून पुरेवाट झाली.

दुपारचा_चहा

पण एक्सचेंजने बोनस-स्प्लिट नसताना नुसता लॉट बदलला तर उलटं होईल. तेव्हा लॉटची संख्या उडी मारेल आणि शेअरची संख्याच खरी असेल.

शून्य_ते_नऊ

अरे हो. हे सुचलं नव्हतं. मग दोन्ही छापतो आणि दोघांत तफावत आली की थांबून बघतो. शिवाय एक्स्पायरीच्या दुसर्‍या दिवशी संपलेला महिना फाइलमधून जातो, म्हणून बेरीज त्या दिवशी दाणकन पडते. त्या एका दिवसाची वजाबाकी मी फेकून देतो.

कुंपणावरचा_सरडा

सगळं छान आहे, पण एक कडू प्रश्न. हे कप्पे आज काय झालं ते सांगतात, उद्याचं कुठे सांगतात? मी दोन वर्षं वहीत रोज लिहिलं. लाँग बिल्डअपनंतर शेअर वर गेल्याचे दिवस आणि खाली आल्याचे दिवस डोळ्यांनी बघून सारखेच वाटले. ओआय अर्धा टक्का हलला तरी वेबसाइट रंग भरते. मला तर ही भविष्याची पत्रिका वाटते.

तेजीमंदी_पाटील

वही कशी ठेवलीत त्यावर आहे. मी तीन टक्क्यांच्या खालचा बदल मोजत नाही.

कुंपणावरचा_सरडा

तीनच का? चार का नाही?

तेजीमंदी_पाटील

अनुभव.

फोर्टकर_काका

सरडेबुवांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. उद्याचा भाव सांगायला हे यंत्र नाही. मी ते एवढ्यासाठी बघतो की हालचालीत अडकलेली माणसं वाढली की कमी झाली. भाव पाच दिवस वर आणि ओआयही पाच दिवस वर असेल, तर वरच्या भावात आत शिरलेले नवे लाँग भरपूर आहेत. पुढे वाढेलच असं नाही. पण उलटला तर त्या सगळ्यांना एकाच दारातून बाहेर पडायचंय, म्हणून पडताना जोरात पडेल. नवीन पैसा हे इंधनही आहे आणि ओझंही. कव्हरिंगने वर आलेल्या शेअरमध्ये अशी गर्दी आत नसते.

पाटलांच्या तीन टक्क्यांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. मी शेअरच्या स्वतःच्या मागच्या महिनाभराच्या रोजच्या बदलाशी ताडून बघतो. एखाद्या शेअरचा ओआय रोजच चार टक्के हलतो, तिथे चारला काय किंमत?

कुंपणावरचा_सरडा

हे पटतंय थोडं. पण म्हणजे मन्याचे चार टक्केही काही नसतील कदाचित.

फोर्टकर_काका

कदाचित. पण तेव्हा 'शॉर्ट कव्हरिंग' तर नक्कीच नव्हतं.

घाटावरचा_मन्या

सगळ्यांचे आभार. मागच्या वीस दिवसांच्या फाइल उतरवल्या. या शेअरचा तिन्ही महिन्यांचा ओआय एरवी दिवसाला एक-दीड टक्क्याच्या आतच हलतो, त्यामुळे सोमवारचे चार टक्के मला तरी वेगळे दिसतायत. सरडेबुवा, तुमच्या वहीत तिन्ही महिन्यांची बेरीज होती की नुसता चालू महिना?

कुंपणावरचा_सरडा

चालू महिना. दोन वर्षं. आता बोलू नका काही.